एक्सरे स्वच्छ, पाय मात्र दुखतोय. सहा आठवड्यांनी हाफ मॅरेथॉन, पळावी का?

ठाण्याची_नवखी:
वय ३६, पळायला सप्टेंबरात लागले. जानेवारीतल्या मुंबईच्या हाफसाठी नाव घातलंय. दिवाळीपर्यंत आठवड्याला १५ किलोमीटर व्हायचे, नंतर गटाबरोबर एकदम ३५ वर गेले. साधारण तीन आठवड्यांपासून उजव्या पावलाचा वरचा भाग दुखतो. आधी लाँग रनच्या शेवटी दुखायचा, मग दुसऱ्याच किलोमीटरला, आता जिना उतरतानाही. दुखणं सुरू झाल्यावर दहाएक दिवसांनी एक्सरे काढला, त्यात काही नाही. फिजिओ म्हणतात पळणं बंद. आमचे कोच म्हणतात सवय होतेय, टेप लाव. शर्यतीला सहा आठवडे आहेत. काय करू?

पहाटेचा_पळपुटा:
सोडू नका. नव्या माणसाला पहिल्या वर्षात काही ना काही दुखतंच, कधी नडगी, कधी टाच, कधी पाऊल. एक्सरे स्वच्छ आहे म्हणजे हाड शाबूत आहे. बहुतेक बुटाची लेस घट्ट बांधत असाल. पावलावरून बोटांकडे जाणारे स्नायूबंध लेसखाली दाबले जातात आणि नेमकं असंच दुखतं. लेस मधलं एक भोक सोडून बांधा, पावलं छोटी टाका, मायलेज थोडं उतरवा. आणि घरीच तपासायचं असेल तर दुखऱ्या पायावर दहा उड्या मारून बघा. मारता आल्या तर फ्रॅक्चर नाही.

हाडांचा_माणूस:
उड्या मारू नका. हाडाला तडा जायच्या बेतात असेल तर त्या दहा उड्याच तो पुरा करतील. आणि मारता आल्या म्हणजे हाड ठीक, असंही होत नाही. लेसचा मुद्दा मात्र खरा आहे, तेही दुखणं याच जागी येतं.

ताई, एक करा. बसून पाय मोकळा ठेवा आणि एका बोटाने पावलाच्या वरच्या बाजूचं एकेक लांब हाड बोटांकडून घोट्याकडे दाबत या. मग तीन गोष्टी सांगा. दुखणं एकाच टिचभर जागी आहे की पसरलेलं? पाऊल स्थिर ठेवून नुसती बोटं वर-खाली केली तर दुखतं का? आणि ती जागा कुठे आहे: दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, करंगळीच्या बाजूला, की घोट्याच्या पुढे कमानीच्या माथ्यावर?

एक्सरेबद्दल. अशा दुखण्यात पहिले दोन-तीन आठवडे एक्सरे स्वच्छ येणं हेच नेहमीचं. तडा केसाहून बारीक असतो, फिल्मवर दिसत नाही. दिसतं ते पुढे शरीराने त्याभोवती घातलेलं नवं हाड. तुमचा एक्सरे दहाव्या दिवसाचा, त्यावरून हाड शाबूत ठरत नाही.

टाळकरी:
आमची माळकऱ्यांची गोष्ट सांगतो. आळंदीहून निघालो, पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला आलो तर पाऊल वरून टम्म. तेल लावलं, फडकं बांधलं आणि पंढरपूर गाठलं. पांडुरंगानं नेलं. आता तिथे हाडावर एक गाठ लागते हाताला, पण दुखत नाही. डॉक्टर लोकांचं ऐकलं असतं तर घरीच बसलो असतो. ताई, फोडावर सुईदोरा ओवून ठेवा, पाणी निघून जातं.

सह्याद्रीवाली:
काका, ताईंना फोड नाहीयेत. आणि तुमचं नशीब बलवत्तर होतं म्हणून मी माझंही सांगते. मला दुखत होतं करंगळीच्या बाजूला, पावलाच्या मध्यापाशी बाहेर जे हाड वर येतं त्याच्या जरा पुढे. ट्रेकला जायचं होतं, गेले. नंतर ते जुळलंच नाही, शेवटी स्क्रू बसवला. ट्रेक, पळणं सगळं त्या वर्षापुरतं संपलं. "पाऊल दुखतं" एवढ्यावर कुणीच कुणाला सल्ला देऊ नये, जागा विचारा आधी.

ठाण्याची_नवखी:
बघितलं. दुसऱ्या बोटाच्या मागे, बोट आणि घोटा यांच्या मधोमध. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दाबलं की कळ येते, बाजूला काही नाही. नुसती बोटं हलवून फार दुखत नाही. संध्याकाळी तिथे थोडी सूज असते, सकाळी नसते. काळंनिळं काही नाही.

हाडांचा_माणूस:
मग हे दुसऱ्या मेटाटार्सलचं, म्हणजे दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाचं, स्ट्रेस फ्रॅक्चर असण्याची शक्यता बरीच आहे, पुन्हा पुन्हा ओझं पडून गेलेला तडा. लेसमुळे दुखत असतं तर बोटं हलवताना लागलं असतं. पळणं आजपासून बंद, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काका, तुमची ती गाठ म्हणजे बहुधा भरून आलेलं फ्रॅक्चरच. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हाडाचा मधला भाग भला असतो, रक्त चांगलं मिळतं, शेजारची हाडं दोन्हीकडून आधार देतात. म्हणून हाल करूनही तो जुळून येतो. सह्याद्रीवालींची जागा तशी नाही. कमानीच्या माथ्यावरचं नेव्हिक्युलर नावाचं हाड तर त्याहून दगाबाज: दुखणं मोघम, सूज नाही, आणि पक्कं झालं तर सहा-आठ आठवडे पाय जमिनीला न टेकवता प्लास्टरमध्ये. त्या दोन जागी दुखत असेल तर घरी वाट बघायचीच नाही.

पहाटेचा_पळपुटा:
ठीक, फ्रॅक्चर आहे असं धरू. तरी हिशेब बघा ना. असं हाड सहा आठवड्यांत जुळतं असं सगळेच सांगतात. शर्यत सहा आठवड्यांवर. तोवर सायकल आणि पोहणं करून दम टिकवायचा, शर्यतीच्या दिवशी सावकाश पळायचं, हवं तर अर्धं चालायचं. फी भरलेली आहे, बिब आहे, पहिल्या हाफचा उत्साह आहे. सगळ्यावर पाणी कशाला?

हाडांचा_माणूस:
इथेच गफलत होते. सहा ते आठ आठवडे हा हाड जुळून चालताना न दुखण्याचा काळ आहे, २१ किलोमीटर पळायला तयार होण्याचा नाही. आणि तो ओझं थांबवल्या दिवसापासून मोजायचा. ताई काल-परवापर्यंत पळत होत्या, म्हणजे घड्याळ आज सुरू होतंय.

मुळात हे होतं कसं ते बघा. ओझं वाढलं की शरीर हाड मजबूत करायला घेतं, पण आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. महापालिकेच्या रस्त्यासारखं आहे, खोदाई तीन आठवड्यांत आणि भराई तीन महिने. मायलेज वाढवल्यावर तीन-चार आठवड्यांनी हाड सुरुवातीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच दम वाढलेला असल्याने माणूस जोरात पळतो. दिवाळीनंतर १५ वरून ३५, आणि दुखणं त्यानंतर थोड्याच आठवड्यांत. नव्या सैनिकांत हेच दिसतं. प्रशियाच्या लष्करातल्या ब्रायटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्येच कवायतीनंतर सुजणाऱ्या पावलांबद्दल लिहिलं होतं, एक्सरेचा शोध लागायच्या चाळीस वर्षं आधी.

तेव्हा ताईंचा क्रम असा. पहिले दोन-तीन आठवडे कडक तळव्याचा बूट, किंवा चालताना लंगडावं लागत असेल तर पाऊल आणि घोटा जखडून ठेवणारा वॉकिंग बूट. घरातसुद्धा अनवाणी नाही. साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा एक्सरे, तेव्हा नवं हाड दिसू लागण्याची शक्यता चांगली. दाबून दुखणं गेलं आणि सलग आठवडाभर अर्धा-पाऊण तास झपझप चालून ना त्या वेळी ना दुसऱ्या सकाळी दुखलं, तरच एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड. इथपर्यंत यायलाच जानेवारी संपेल. पूर्वीच्या मायलेजला पोहोचायला तीन महिने धरा. त्याच जागी पुन्हा कळ आली तर एक पायरी खाली.

हिशेबी_नाशिककर:
डॉक्टर, एमआरआय का नाही सांगितला? तो तर पहिल्या दिवसापासून दाखवतो म्हणतात. की सहा-आठ हजारांचा खर्च वाचवताय?

हाडांचा_माणूस:
दाखवतो, आणि करायचा असेल तर चूक नाही. पण या जागी त्याने उपचार बदलत नाहीत, तरीही थांबायचंच आहे. दुखणं कमानीवर किंवा करंगळीच्या बाजूला असतं तर आजच करा म्हटलं असतं. माझ्या ओळखीतले काही सहकारी मात्र प्रत्येकालाच सांगतात. रिपोर्ट हातात आल्याशिवाय पळणारा माणूस थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही.

सह्याद्रीवाली:
अजून एक विचारायचं राहिलंय, आणि पुरुष मंडळी ते विचारणार नाहीत. ताई, पळायला लागल्यापासून वजन किती उतरलं? पाळी नियमित आहे का?

ठाण्याची_नवखी:
सहा किलो उतरलं, खूश होते. रात्रीचं जेवण सोडलंय. पाळी गेल्या दोन वेळा लांबली, मला वाटलं वयामुळे.

हाडांचा_माणूस:
बरं झालं विचारलंत. ताई, खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी पाळीवर काटकसर करतं आणि मग हाडावर. या काळात रात्रीचं जेवण सुरू करा, ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या, आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हे न सुधारता नुसती विश्रांती घेतली तर पुढच्या मोसमात दुसऱ्या पायाचं घेऊन याल.

पहाटेचा_पळपुटा:
जेवणाचं मान्य. पण आमच्या गटात एकाने असंच दुखत असताना गोळी घेऊन फुल पूर्ण केली, आज तो सगळ्यांत पुढे पळतो. ३६ व्या वर्षी तीन महिने थांबलं की दम जातो आणि अर्धे लोक परत येतच नाहीत. तोही धोकाच आहे.

हाडांचा_माणूस:
थांबलेले परत येत नाहीत, हे मीही पाहिलंय. म्हणून दुखत नसेल तर सायकल चालवा, पण पेडलवर चवडा नको, पावलाचा मधला भाग. तरणतलावात तरंगायचा पट्टा बांधून तळाला पाय न टेकवता पळा. गोळीबद्दल: दाहशामक गोळ्यांनी हाड भरण्याचा वेग कमी होतो की नाही यावर आमच्यातच एकमत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. दुखणं हीच इथली एकमेव मोजपट्टी, गोळीने तीच बंद होते.

टाळकरी:
डॉक्टरसाहेब, आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्याचं पाऊल असंच सुजतं. गरम लागतं, लाल होतं, पण त्याला दुखत काहीच नाही. साखरेचा आजार आहे. दुखत नाही म्हणजे हाड ठीकच ना?

हाडांचा_माणूस:
काका, उलट. साखरेने पायाची जाणीव गेली असेल तर हाड मोडूनही दुखत नाही. गरम, लाल आणि न दुखणारी सूज असेल तर त्यांना चालवू नका. गाडीत बसवून उद्याच दाखवा. थांबलं तर पावलाचा आकारच बिघडू शकतो.

ठाण्याची_नवखी:
बिब आयोजकांना पुढच्या वर्षी चालेल का म्हणून विचारलंय, उत्तर नाही. कोचना सांगितलं, ते म्हणाले निदान १० किलोमीटरची तरी पळ. तीही नको ना?

हाडांचा_माणूस:
तीही नको. सहा आठवड्यांनी चालताना दुखत नसेल तर कडेला उभं राहून टाळ्या वाजवायला जा. बूट कडक तळव्याचाच घाला.