चुकलेल्या उत्तरांचे फोटो काढून कार्डं करणं: उजळणी की नुसतं पाठांतर?

निनाद
सराव पेपरात चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचा फोटो काढून त्याचं फ्लॅशकार्ड करतोय. पुढच्या बाजूला प्रश्न, मागे बरोबर उत्तर आणि एका ओळीत कारण. उजळणी १, ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी. कार्डं आता बघताक्षणी येतात, पण नव्या पेपरात त्याच जातीचं गणित पुन्हा चुकतं. मग या कार्डांचा उपयोग तरी काय?

अविनाश
गणितासाठी काहीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्ड बघून तू उत्तर आठवतोस, गणित सोडवत नाहीस. चुकलेल्या गणितांची एक वही कर. प्रश्न लिही, उत्तर लिहू नकोस. दोनेक आठवड्यांनी कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून पुन्हा सोडव. अडलास तर ते गणित तुला येत नव्हतंच. फोन उघडून चार सेकंदांत "येतंय" म्हणायची सोय वहीत नसते, हाच तिचा फायदा.

शुभांगी
अविनाश, रोग बरोबर ओळखलात, पण लगेच कार्डांना दोष नको. निनाद, तुझं एखादं कार्ड जसंच्या तसं इथे टाक. त्याशिवाय बोलणं हवेतलं होईल.

निनाद
हे घ्या.
पुढे: √(x+3) = x − 3 सोडवा. (छापील प्रश्नाचा फोटो)
मागे: x = 6. कारण: x = 1 चालत नाही.
मी पेपरात x = 1 आणि x = 6 अशी दोन्ही उत्तरं लिहिली होती.

शुभांगी
हं, आता दिसलं. या कार्डात तीन गोष्टी बिघडल्यात.

पहिली म्हणजे, तू जे लिहिलंयस ते कारणच नाही. "x = 1 चालत नाही" हा निकाल झाला. का चालत नाही? दोन्ही बाजूंचा वर्ग केलास की x + 3 = x² − 6x + 9 येतं, त्यातून x² − 7x + 6 = 0, आणि उत्तरं 1 व 6. इथपर्यंत तुझी एकही ओळ चुकलेली नाही. पण x = 1 मूळ समीकरणात घातलं तर डावीकडे 2 येतात आणि उजवीकडे −2. वर्ग केल्यावर 2 आणि −2 मधला फरक पुसला गेला आणि एक पाहुणं उत्तर आत शिरलं. मग कारणाची ओळ अशी हवी: "वर्ग केल्यावर चिन्हाचा फरक जातो, वर्गमूळ ऋण नसतं, म्हणून x − 3 ही ऋण नको." एवढ्या ओळीवर तू न पाहिलेलं गणितही तपासू शकतोस. "1 चालत नाही" या ओळीवर फक्त हेच एक.

दुसरी गोष्ट, आकडे तेच ठेवलेस. तिसऱ्या खेपेला मेंदू प्रश्न वाचतच नाही. फोटोचा कोपरा, छपाई, कागदावरचा डाग बघून "6" म्हणून मोकळा होतो. म्हणून पुढच्या बाजूला फोटो नकोच. आकडे बदलून टाईप कर: √(2x+3) = x. यात 3 आणि −1 येतात आणि −1 गळतं. फोटो मागे ठेव, तोही कापून, जिथे घसरलास तेवढीच ओळ दिसेल असा.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. पुढच्या बाजूला "वर्ग केल्यावर काय तपासाल?" असं विचारलंस तर इशारा तूच देऊन बसलास. पेपरात तो इशारा नसतो. तिथे तुला मुळात आठवतच नाही की तपासायचं आहे. त्यामुळे प्रश्न असा ठेव: "√(2x+3) = x. सोडवायला घेण्याआधी x बद्दल काय ठरवता येईल?" उत्तर, x ऋण असू शकत नाही. आठवणीला ताण तिथेच दे, जिथे पेपरात निर्णय चुकला होता.

केतकी
शुभांगीताई, हे पटलं. पण वेळापत्रक तरी त्याचं बरोबर आहे ना? १, ३, ७, १५, ३० हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसच्या विस्मरणाच्या वक्रावरून काढलेले दिवस आहेत. मी तर एक दिवसही इकडेतिकडे होऊ देत नाही.

शुभांगी
केतकी, मधे अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते हे शंभर टक्के बरोबर. पण हे आकडे त्याचे नव्हेत. एबिंगहाउसने १८८५ मध्ये जे छापलं ते स्वतःवरचे प्रयोग होते, निरर्थक अक्षरसमूह पाठ करण्याचे. समीकरणातली चूक कितव्या दिवशी विसरते हे त्यातून निघत नाही.

अंतर किती ठेवायचं हे परीक्षा किती दूर आहे त्यावर ठरतं. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं. आठवड्याने लक्षात राहायला हवं असेल तर दोन अभ्यासांतलं चांगलं अंतर त्या आठवड्याच्या साधारण २० ते ४० टक्के निघालं, आणि वर्षभराने हवं असेल तर वर्षाच्या ५ ते १० टक्के. तो प्रयोग सामान्यज्ञानाच्या माहितीवर आणि एकाच उजळणीवर होता, तेव्हा गणिताला तो फूटपट्टीसारखा लावू नका. पण दिशा कळते. परीक्षा सहा महिन्यांवर असताना पहिल्याच आठवड्यात तीन वेळा कार्ड बघणं म्हणजे बरीचशी मेहनत वाया. आणि एक दिवस चुकला म्हणून काहीही बिघडत नाही.

रमेश
माझा अनुभव वेगळा आहे. फोनवर काढलेले फोटो वाकडे येतात, वर हाताची सावली पडते. महिन्याभराने गॅलरीत शोधायला गेलो तर काही सापडत नाही. चांगलं स्कॅनिंग अ‍ॅप कोणतं, तेवढं सांगा.

सायली
काका, इथे चर्चा फोटो कसा काढावा याची नाही, त्याचं पुढे काय करावं याची आहे. पण तुमच्या अडचणीवरही उत्तर तेच: फोटो साठवायचेच नाहीत. मी कार्ड त्याच संध्याकाळी करते आणि उरलेला फोटो पुसून टाकते. उशीर केला तर उत्तर काय ते कळतं, पण मी तो पर्याय का निवडला हे आठवत नाही, आणि कारणाची ओळ त्यातूनच यायची असते.

माझा विषय जीवशास्त्र. तिथे साधी कार्डंही उत्तम चालतात. पेशीविभाजनात मेटाफेज आणि अ‍ॅनाफेजची आकृती उलटसुलट व्हायची. मागे एकच ओळ लिहिली: "मेटाफेजमध्ये गुणसूत्रं मध्यरेषेवर, अ‍ॅनाफेजमध्ये टोकांकडे निघालेली." गोंधळ संपला. सगळ्या विषयांना गणिताचा नियम लावू नका.

अविनाश
सायलीचं मान्य. नावं आणि आकृत्या असतील तर कार्डं चालतील. पण शुभांगी, एक मूलभूत शंका. स्वतःच्या चुकीच्या ओळीचा फोटो पुन्हा पुन्हा बघितल्याने ती चूकच पक्की होणार नाही का? मी वहीत चुकीचं उत्तर मुद्दाम खोडून टाकायला सांगतो.

शुभांगी
शंका रास्त आहे. चूक झाल्यावर लगेच बरोबर उत्तर कळलं तर सहसा नुकसान होत नाही. उलट जिथे आपण पूर्ण खात्रीने चुकलो, ती चूक जास्त चांगली दुरुस्त होते. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. पण पुढे २०११ मध्ये बटलर, फाझिओ आणि मार्श यांना दिसलं की आठवड्याने बरोबर उत्तर विसरलं, तर खात्रीची जुनी चूकच पुन्हा वर येते. निनादच्या नव्या पेपरात असंच काहीसं होत असावं, असं मला वाटतं.

म्हणून मी दोन गोष्टी सांगते. फोटो मागेच, आणि चुकीच्या ओळीवर ठळक काट. आणि पेपर देताना ज्या उत्तराची खात्री होती त्यापुढे टिंब करायचं. टिंब असलेली चूक आधी कार्डावर जाते. घाईत आकडा चुकीचा उतरवला असेल, तर त्याचं कार्ड करू नये. त्याला कारण नसतं, आणि ढीग मात्र वाढतो.

निनाद
मी तर सगळ्यांचीच करत होतो, त्यामुळे रोजची उजळणी आवरेना. फ्लॅशकार्डांचं अँकी अ‍ॅप वापरतो. कार्ड आठवलं नाही पण मागचं वाचून पटलं, तर Hard हे बटण दाबत होतो.

शुभांगी
ते आजच थांबव. अँकीत Hard म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. नाही आठवलं तर Again. विसरलेल्या कार्डावर Hard दाबलंस की पुढची तारीख लांब जाते आणि अ‍ॅप समजतं की तुला येतंय. "वाचून पटलं" हे आठवणं नव्हे. मागची बाजू उघडण्याआधी कारणाची ओळ तोंडाने म्हण किंवा कागदावर लिही. नुसतं उत्तर बरोबर आणि कारण चुकलं, तरी Again.

आणि एखादं कार्ड वारंवार पडत असेल तर अँकी त्याच्यावर leech अशी खूण करतं, मूळ सेटिंगमध्ये आठ वेळा विसरल्यावर. एवढी वाट बघू नकोस. तीनचारदा पडलं की ओळ पुन्हा लिही. बहुतेक वेळा तिच्यात दोन कारणं कोंबलेली असतात.

केतकी
मग अँकीला सोडून वेळापत्रक वहीत लिहायचं असेल तर? परीक्षा चार महिन्यांवर आहे.

शुभांगी
मी असं करेन: दुसऱ्या दिवशी एकदा, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी आणि शेवटची परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात. विसरलं तर पुन्हा दुसऱ्या दिवसापासून. हे माझं गणित आहे, नियम नव्हे.

अविनाश
एक मुद्दा राहतोच. √(2x+3) = x हे तीन ओळींचं गणित आहे, तिथे एक निर्णय आणि एक ओळ पुरते. बारा ओळींच्या गणितात मुलगा पाचव्या ओळीत घसरतो, कारण दुसऱ्या ओळीत चुकीचा मार्ग धरलेला असतो. तिथे एका ओळीचं कारण खोटा दिलासा देतं. शिवाय कार्डांवर प्रत्येक निर्णय सुटासुटा येतो. तीन निर्णय एकापाठोपाठ घ्यायची सवय त्यातून होत नाही.

शुभांगी
लांब गणितांबद्दल तुमच्याशी सहमत. त्यांच्या कार्डावर मी फक्त "दुसऱ्या ओळीत कोणता मार्ग आणि का" एवढंच विचारते, आणि अंतर पूर्ण झालं की ते गणित कोऱ्या कागदावर सोडवायला लावते. म्हणजे तारीख कार्डाची, काम वहीचं. सवय होत नाही हे मात्र मला पूर्ण पटत नाही. निर्णय वेगवेगळ्या प्रकरणांतले मिसळून विचारले तर कोणता मार्ग कुठे लागतो हे ओळखण्याचा सराव होतो, आणि तुमच्या वहीत गणितं प्रकरणवार असतील तर तो होत नाही.

अविनाश
माझ्या वहीत ती तारखेप्रमाणे असतात, त्यामुळे मिसळलेलीच. निनाद, पुढच्या पेपरात वर्गमूळाचं गणित आलं तर दोन्ही गोष्टी लिहून ठेव: x ची अट आधी आठवली का, आणि गणित शेवटपर्यंत सुटलं का. पहिलं हो आणि दुसरं नाही, असं आलं तर आपण पुन्हा बोलू.

निनाद
ठेवतो. वर्गमूळाचं कार्ड आत्ताच बदललं. मागची ओळ अशी लिहिलीय: "डावीकडे वर्गमूळ, म्हणून उजवीकडचं ऋण होईल असा x आधीच बाद." टिंबांनी चाळून बाकीची कार्डं आज रात्री बघतो.