उत्तर: व्होलॅटिलिटी, म्हणजे बाजाराच्या चढउताराचा अंदाज, रोज अपडेट करताना

«कालच्या व्होलॅटिलिटीचे ९४ टक्के आणि आजच्या रिटर्नचे ६ टक्के घेतले की झालं ना?»

वजनं बरोबर आहेत, पण बेरीज दोन्ही आकड्यांच्या वर्गांची करायची आणि वर्गमूळ शेवटी घ्यायचं, मीसुद्धा एक्सेलमध्ये कित्येक दिवस हेच चुकवत होतो. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के पडला, समजा आदल्या दिवशीचा व्होलॅटिलिटीचा अंदाज १ टक्का होता, तर ०.९४ × १ + ०.०६ × ३६ म्हणजे ३.१०, वर्गमूळ १.७६ टक्के, हा झाला ५ जूनसाठीचा अंदाज. तुमच्या पद्धतीने १.३० च येतो, म्हणजे नेमका मोठ्या धक्क्यालाच आकडा कमी दाखवतो.

आणि हो, तो धक्का लगेच विसरला जात नाही, त्या ३६ चं वजन निम्मं व्हायला साधारण ११ सेशन लागतात, त्यामुळे बाजार शांत झाला तरी अंदाज बरेच दिवस फुगलेलाच राहतो.