मदत हवी आहे: आराखडा काढून घेतला की मुलं उताराच उतरवतात

नववीला टिपणं काढायला शिकवतेय. आधी मुद्दे-उपमुद्दे छापून, मोक्याचे शब्द गाळलेला आराखडा दिला. तो सगळे भरतात. मग उपमुद्दे काढून फक्त शीर्षकं ठेवली, तिथवरही जमलं. कोरा कागद दिला की मात्र गाडी अडते.

जमिनीच्या धुपेवरच्या उताऱ्यात 'मुळं माती धरून ठेवतात, म्हणून झाडं तोडली की पावसाने ती वाहून जाते' एवढं टिपायला हवं होतं. बहुतेकांनी उदाहरणं आणि आकडे जसेच्या तसे उतरवले, हे कारण सुटलं.

शब्दमर्यादा घातली, तर वाक्यं नुसती तुटक झाली. पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला लावल्यावर सारांश बरा आला, पण कारण आणि परिणाम यांची सांगड गेली. (अधोरेखन सुचवू नका, अख्खं पान रंगतं.)

वर्ग मोठा आहे, रोज प्रत्येक वही तपासणं शक्य नाही. शीर्षकं आणि कोरा कागद यांच्यामध्ये तुम्ही कोणती पायरी ठेवता? उपमुद्दे आपण देऊन शीर्षक मुलांना शोधायला लावायचं, असा उलटा क्रम कुणी वापरलाय का, आणि त्याने कारणं टिपली जातात का?