मदत हवी आहे: कीर्तनाच्या लाइव्हमध्ये टाळ आधी वाजताना दिसतो, आवाज मागून येतो

टाळकरी_सोलापूर
रामकृष्णहरी मंडळी. सोलापुरात आमच्या पेठेतल्या विठ्ठल मंदिरात सप्ताह आणि एकादशीचं कीर्तन आम्ही तीन वर्षांपासून यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. कॅमेऱ्याचा HDMI कॅप्चर कार्डात आणि तिथून लॅपटॉपच्या ओबीएसमध्ये जातो. आवाज मंडपाच्या मिक्सरच्या ऑक्समधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि तिथून त्याच लॅपटॉपमध्ये.

गेल्या महिन्यात कॅप्चर कार्ड बंद पडलं म्हणून नवीन घेतलं. तेव्हापासून आवाज चित्राच्या मागे पडतोय. बोलणं चालू असताना तेवढं लक्षात येत नाही, पण गजराला उभे राहिले की टाळकऱ्यांचे टाळ एकमेकांना भिडून सुटतात आणि मग आवाज येतो. मृदंगावर थाप पडते ती वेगळी, ऐकू येते ती वेगळी. आणि दुसऱ्या तासात हे आणखी वाढतं. घराबाहेर पडता न येणाऱ्या कितीतरी आज्या हे रोज बघतात. त्यातल्या एकीनं फोन करून सांगितलं, "बाळा, डोळे मिटून ऐकते, बघवत नाही." तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. कुठून सुरुवात करू?

शिवा_७
माऊली, हे सगळ्यांनाच होतं. यूट्यूबवर वीस-पंचवीस सेकंद मागेच दिसतं. मंडपात आरती संपते तेव्हा घरी मोबाईलवर सुरू होते. स्टुडिओत लेटन्सी कमी करा, Low निवडा.

टाळकरी_सोलापूर
तो उशीर चालतो हो, कारण चित्र आणि आवाज दोन्ही सोबत उशिरा येतात. माझा प्रश्न दोघांच्या आपसातल्या अंतराचा आहे.

लग्नशूट_अक्कलकोट_रोड
दादा, ओबीएसमध्ये Advanced Audio Properties उघडा. तिथे Sync Offset आहे, त्यात 200 टाका. मी हळदीच्या लाइव्हला कायम 200 टाकतो, एकदम जुळतं. आणि इंटरफेस 44.1 वर आहे का ते बघा. ओबीएस 48 वर असेल तर दोन्ही 48 करा, त्यानेच मागे पडतं.

ध्वनी_नि_प्रकाश
लग्नशूट दादांनी जागा बरोबर दाखवलीय, पण आकडा इथे उलट पडेल. Sync Offset मध्ये धन आकडा टाकला की आवाज तेवढा उशिरा जातो. तुमच्याकडे तो चालतो कारण HDMI वरून आलेल्या चित्राला कॅप्चर कार्डात वेळ लागतो आणि इंटरफेसचा आवाज आधी पोचतो. त्याला थोपवून धरायचं असतं. टाळकरी माऊलींचा आवाज आधीच मागे आहे, तो आणखी मागे ढकलून कसं चालेल?

टाळकरी माऊली, तुम्ही स्वतः तिथे काही आकडा टाकलेला आहे का? कार्ड बदललं तेव्हा तो बदलला का? मला तिथेच शंका येतेय.

त्याआधी अंदाज सोडा आणि मोजा. लाइव्हवर नको, ओबीएसमधून लॅपटॉपवरच रेकॉर्ड करा. कॅमेऱ्यासमोर उभं राहून माइकच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर, एकदाच खणखणीत टाळ वाजवा. मग फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडून एकेक फ्रेम पुढे सरका. टाळ भिडलेली फ्रेम आणि आवाजाच्या पट्टीवर टोक उठतं ती जागा, यांच्यामधल्या फ्रेम मोजा. 25 फ्रेमवर शूट करत असाल तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. हेच रेकॉर्डिंग चालू ठेवून तासाभरानं पुन्हा एकदा वाजवा. पहिला आकडा एक गोष्ट सांगेल, दोन्हींतला फरक दुसरीच गोष्ट सांगेल.

आणि तपासताना ब्लूटूथचे इअरफोन लावू नका. ते स्वतःच आवाज उशिरा देतात, तुम्ही भलतीच दुरुस्ती करून बसाल.

लग्नशूट_अक्कलकोट_रोड
अरे देवा. मी ब्लूटूथवरच ऐकून 200 ठरवलंय.

टाळकरी_सोलापूर
मोजलं. 25 फ्रेमवर रेकॉर्ड केलं, सुरुवातीला आवाज 5 फ्रेम मागे. बरोबर एक तासानं 8 फ्रेम मागे. तीनदा बघितलं, तेच येतंय.

Sync Offset मध्ये 350 होते! जुन्या कार्डाला मीच दोन वर्षांपूर्वी टाकले होते आणि नंतर तो कप्पा उघडलाच नाही. आता शून्य करू का?

ध्वनी_नि_प्रकाश
शून्य नको. 350 असताना आवाज 5 फ्रेम, म्हणजे 200 नं मागे आहे. 350 मधून 200 वजा केले की 150 उरतात, तोच तुमचा आकडा. शून्य केलंत तर आवाज चित्राच्या 150 पुढे जाईल आणि ते जास्त खटकेल. दूरच्या माणसाचा आवाज जरा मागून येतो याची कानाला सवय असते, पण ओठ हलायच्या आधी शब्द येणं कधीच घडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणाच्या शिफारशीतही आवाज साधारण 45 मिलिसेकंद पुढे गेला की कळतो, मागे असेल तर 125 पर्यंत चटकन कळत नाही, असं धरलंय. टाळ-मृदंगाला मात्र मी एवढी सूट देणार नाही. एका फ्रेमच्या आत बसवा.

नवीन कार्ड जुन्यापेक्षा चित्र लवकर देतंय, इतकीच भानगड. पहिला अर्धा प्रश्न इथे सुटला.

दुसरा अर्धा अवघड आहे. तासाला 3 फ्रेम म्हणजे 120 मिलिसेकंद वाढतायत, म्हणजे दोन घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. इंटरफेसच्या आत स्वतःचा क्रिस्टल असतो, लॅपटॉपचा वेगळा. इंटरफेस सेकंदाला 48,000 सॅम्पल देतो असं आपण म्हणतो, पण तो त्याच्या घड्याळाप्रमाणे देतो. त्यानं सेकंदाला दीड-पावणेदोन सॅम्पल जास्त दिले तरी तासाभरात साडेपाच-सहा हजार साचतात आणि तेवढा आवाज रांगेत मागे राहतो. हिशोब केलात तर तुमचे 120 मिलिसेकंद भरतात. Sync Offset हा एक ठरलेला आकडा असतो, वाढत जाणाऱ्या अंतराला तो धरू शकत नाही.

दोन गोष्टी करून बघा. इंटरफेस, विंडोज आणि ओबीएस तिन्ही 48 वर आणा. ओबीएस 44.1 चं रूपांतर करून घेतं, त्यामुळे तेवढ्यानं हे थांबेल असं मला वाटत नाही, पण एक फेरा वाचतो. दुसरं, ऑडिओ सोर्सच्या Properties मध्ये Use Device Timestamps ची खूण एकदा ठेवून आणि एकदा काढून तीच टाळाची चाचणी घ्या. मग Help मधून लॉग उघडून अशी ओळ दिसते का सांगा:

```
Max audio buffering reached!
```

ती असेल तर लॅपटॉपचा दम निघतोय आणि आपण चुकीच्या जागी शोधतोय.

पखवाज_आवड
थोडं बाजूचं आहे, पण आमच्याकडे माइक मंडपाच्या मागच्या खांबाला असायचा, व्यासपीठापासून वीस मीटर. मशिनी सगळ्या ठीक आणि तरी आवाज मागे. हवेतून आवाज यायलाच मीटरमागे जवळपास 3 मिलिसेकंद लागतात, वीस मीटरला साठाच्या आसपास झाले. तुमचा आवाज मिक्सरमधून येतो म्हणजे हे नसेल, पण गर्दीचा माइक वेगळा लावला असेल तर बघा.

टाळकरी_सोलापूर
गर्दीचा माइक नाही. इंटरफेस खरंच 44.1 वर होता, 48 केला. खूण ठेवून आणि काढून दोन्ही बघितलं. 150 टाकल्यावर सुरुवात अगदी जुळली, हे मोठं काम झालं. पण तासाला 3 फ्रेम तसेच सरकतात. लॉगमध्ये ती ओळ नाही, सुरुवातीलाच एवढी एक आहे:

```
adding 42 milliseconds of audio buffering, total audio buffering is now 42 milliseconds
```

आमचं कीर्तन दोन तास चालतं. म्हणजे शेवटच्या गजराला 6 फ्रेम. आणि गजर शेवटीच असतो हो.

ध्वनी_नि_प्रकाश
ती ओळ सुरुवातीला एकदाच आली असेल तर काळजी नको. लॅपटॉप धडधाकट आहे.

मग दोन घड्याळं जुळवण्याच्या मागे लागू नका, आवाजाचं वेगळं घड्याळच काढून टाका. मिक्सरचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकच्या जॅकमध्ये घाला. कॅमेरा चित्र आणि आवाज एकत्र बांधून HDMI मधून पाठवतो, कार्डात दोघांनाही तोच वेळ लागतो. ओबीएसमध्ये इंटरफेसचा सोर्स म्यूट करा, कॅप्चर कार्डाचा आवाज घ्या आणि त्याचा Sync Offset शून्यावर ठेवून पुन्हा टाळ वाजवा.

यात खाचा आहेत. मिक्सरचा लाइनचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकच्या जॅकला फार जास्त होतो, तो फाटेल. मधे 20 ते 40 डीबी कमी करणारी पॅडची केबल घाला. कॅमेऱ्यातला आवाज ऑटोवर ठेवू नका, नाहीतर बुवा थांबले की मंडपातल्या पंख्यांची घरघर वर येईल. हाताने ठेवा, गजराला टोक -12 च्या आसपास राहील इतकं.

टाळकरी_सोलापूर
एकादशीला तसं केलं. सांगताना बरं वाटतंय, पहिल्या टाळाला एक फ्रेमसुद्धा फरक नाही, दोन तासांनंतरच्या टाळालाही नाही.

पण एक भयंकर झालं. मी हेडफोनवर ऐकत होतो, आवाज जरा पोकळ वाटला तरी होता. आणि निम्म्या लोकांचे फोन आले की मोबाईलवर काहीच ऐकू येत नाही. पंधरा मिनिटं चित्र मुकं गेलं. घाईत पुन्हा इंटरफेसवर आलो.

ध्वनी_नि_प्रकाश
मिक्सरकडून कुठली केबल आणली होती? टोकाला तीन भागांचा मोठा जॅक, तो बॅलन्स्ड आउटमध्ये आणि दुसरं टोक छोट्या स्टिरिओ जॅकचं, असं का?

टाळकरी_सोलापूर
हो, अगदी तशीच.

ध्वनी_नि_प्रकाश
तिथेच घात झाला. बॅलन्स्ड आउटच्या एका तारेवर आवाज सुलटा असतो, दुसरीवर तोच उलटा. कॅमेऱ्याला वाटलं डावा आणि उजवा आला. हेडफोनमध्ये दोन कानांना दोन वेगळे मिळाले म्हणून तुम्हाला ऐकू आलं. एकाच स्पीकरच्या मोबाईलनं दोन्हींची बेरीज केली आणि सुलटा-उलटा मिळून शून्य झाला. मधे ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर घाला आणि त्याच्यापुढे एकच आवाज डाव्या-उजव्या दोन्हींना जोडणारी केबल करून घ्या. मंडपाच्या विजेची घूं असेल तर तीही आयसोलेटरनं बरीच जाईल. पुढच्या वेळी लाइव्हच्या आधी मोबाईलच्या स्पीकरवर ऐकल्याशिवाय उठू नका.

टाळकरी_सोलापूर
आयसोलेटर मिळाला, केबल आमच्याच गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी डाग देऊन करून दिली. काल संध्याकाळच्या हरिपाठाला लावली. मोबाईलवर नीट येतंय, टाळ टाळावर बसतोय. फक्त बुवा हळू आवाजात निरूपण करतात तेव्हा मागे बारीक सूं ऐकू येते, इंटरफेसवर ती नव्हती. पॅड 40 चा आहे, 20 चा घालून कॅमेऱ्यातला आवाज खाली आणला तर कमी होईल का?

आणि एक विचारायचं राहिलं. इंटरफेसवर असताना दुपारच्या पत्र्याच्या मंडपात 4 फ्रेम सरकत होतं, रात्री 3. उन्हाचा संबंध असेल का?

ध्वनी_नि_प्रकाश
सूं साठी 20 चाच घाला, कॅमेऱ्यातली वाढ जितकी कमी तितकी सूं कमी. इंटरफेसएवढं स्वच्छ होणार नाही, कॅमेऱ्याचा माइकचा भाग तेवढा चांगला नसतो.

उन्हानं क्रिस्टल थोडा सरकतो हे खरं. पण एक फ्रेम म्हणजे तुमच्या मोजण्याच्या हातचुकीएवढाच फरक आहे. 50 फ्रेमवर रेकॉर्ड करून दुपारी आणि रात्री दोनदोनदा मोजा, मग सांगता येईल.

लग्नशूट_अक्कलकोट_रोड
मी वायरचा हेडफोन लावून माझं मोजलं. माझे 200 नाहीत, 320 लागतात. म्हणजे वर्षभर हळदीच्या सगळ्या व्हिडिओंत आवाज 3 फ्रेम पुढे गेलाय. दोन घरच्यांना पुन्हा जुळवून द्यायला सांगितलंय.