मदत हवी आहे: लॅश एक्स्टेन्शनच्या तिसऱ्या खेपेला पापण्या सुजल्या, नऊ दिवसांवर लग्न

परभणीची_अनघा:
रविवारी संध्याकाळी इथल्या एका पार्लरात लॅश एक्स्टेन्शन करून घेतलं. दिवाळीत पहिल्यांदा केलं तेव्हा काहीच झालं नव्हतं. फेब्रुवारीत दुसऱ्यांदा केलं तेव्हा एक दिवस खाज आली अन् गेली. या वेळी सोमवार ठीक गेला, आणि आज मंगळवारी सकाळी उठले तर दोन्ही पापण्या फुगलेल्या, कडा लाल, खाज तर थांबतच नाही. नीट दिसतंय, डोळा दुखत नाही. पार्लरवाल्या ताई म्हणतात, ग्लूची वाफ लागली असंल, उद्या उतरंल. मावसबहिणीचं लग्न पुढच्या गुरुवारी आहे. घरी कसं काढू? लग्नात पट्टीच्या लॅशेस लावता येतील का?

गोदाकाठ:
डोळे आलेत तुमचे. आमच्याकडं नांदेडला घरोघरी तेच चालू आहे. टॉवेल वेगळा ठेवा.

परभणीची_अनघा:
दादा, चिपडं येत नाहीत, डोळ्याचं पांढरं स्वच्छ आहे. सूज फक्त पापणीच्या कातडीवर आहे.

सोनाली_बीड:
रात्री खोबरेल तेल लावून झोप. माझ्या बहिणीच्या लॅशेस तेलानंच अलगद निघाल्या, सकाळी उशीवर होत्या.

वृषाली_लातूर:
सोनाली, बहिणीच्या पट्टीच्या असतील. तो ग्लू तेलानं मऊ होतो. एक्स्टेन्शनचा ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेटचा, फेविक्विकच्या जातीचा. एकदा वाळला की तेल रात्रभर लावलं तरी भरवशानं सुटत नाही, आणि अर्धवट सुटला की बाई ओढते. तिथंच पापणीचा केस मुळापासून जातो.

अनघाताई, मी आठ वर्षं हेच काम करते. वाफेचा त्रास असेल तर खाटेवर असतानाच डोळे झोंबतात, पाणी येतं, नि बहुधा दिवसभरात उतरतं. हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानं वाळतो. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की तो लवकर वाळत नाही, वाफ येत राहते, म्हणून त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण तुम्हाला एक दिवस बरं जाऊन मग सूज आली, आणि प्रत्येक खेपेला जास्त. ही ॲलर्जीची चाल आहे.

घरी हात लावू नका, ॲसिटोन तर डोळ्याजवळ आणूच नका. त्याच ताईंकडं किंवा दुसरीकडं जाऊन क्रीम रिमूव्हरनं काढून घ्या. पातळ रिमूव्हर नको, तो डोळ्यात उतरतो. डोळे मिटून, खालच्या केसांवर पॅड ठेवून, क्रीम फक्त जोडावर लावायचं आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं. मग चिमट्यानं लॅश आपोआप घसरली पाहिजे. किंचितही ओढ जाणवली तर सांगा, पुन्हा क्रीम लावतील. पापणी चिरली असेल, पाणी गळत असेल तर आधी डॉक्टर.

जालन्याची_मीरा:
मला तर पट्टीच्या ग्लूनंच झालं होतं. त्यात लॅटेक्स होतं. लहानपणापासून फुगा फुगवला की ओठ खाजायचे, केळं खाल्लं तरी घसा खवखवायचा, तरी कधी दोन्ही जोडून पाहिलं नव्हतं. आता लॅटेक्स-फ्री वापरते.

त्वचा_निवासी:
संभाजीनगरात त्वचा विभागात काम करतो. वृषालीताईंचं निदान मला पटतं, पण पक्कं पॅच टेस्टनंच होईल. पाठीवर पट्ट्या लावून 48 तासांनी काढतात, त्यानंतर परत एकदा बघतात. मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब किंवा मलम स्वतःहून आणू नका, डोळ्याचा दाब वाढू शकतो. अंधुक दिसलं, डोळा दुखला किंवा उजेड सहन झाला नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. ॲलर्जी ठरली तर ती बहुधा जन्मभर राहते. पुढं ऑपरेशनची वेळ आली तर सांगायला विसरू नका, कारण जखम चिकटवायचा ग्लूही याच कुळातला असतो.

वृषाली_लातूर:
'सेन्सिटिव्ह' म्हणून मिळतो तो ब्यूटिलचा ग्लू माझ्या दोघी-तिघींना चालला.

त्वचा_निवासी:
त्यांना वाफेचा त्रास असेल. खऱ्या ॲलर्जीत मी तो सुचवणार नाही, कूळ तेच आहे.

वृषाली_लातूर:
त्यातल्या एकीला आधी सूजच आली होती. ते कोडं मला अजून उलगडलं नाही.

परभणीची_अनघा:
बुधवारी काढून घेतल्या. ताईंनी दोनदा क्रीम लावलं, माझे चारच केस गेले. त्वचेच्या डॉक्टरांनी औषध दिलंय, आज शनिवारी सूज निम्मी आहे. पट्टीचं काय?

वृषाली_लातूर:
लॅटेक्स-फ्री ग्लू घ्या आणि त्यात सायनोअ‍ॅक्रिलेट नाही हे वाचून घ्या. तुकड्यांच्या लॅशेसच्या ग्लूत ते सापडतं. कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा लावून बघा. पण कोपर शांत राहिलं तरी पापणीची कातडी फार पातळ असते. गुरुवारपर्यंत ती पूर्ण बरी नसेल तर पट्टी नको, नुसता मस्कारा लावा. लावलीच तर काढताना तेलाचा बोळा मिनिटभर दाबून ठेवा आणि बाहेरच्या कोपऱ्यातून आत सोलत या.

परभणीची_अनघा:
आजपासून कोपरावर सुरू करते. बुधवारी रात्री इथंच सांगते.