मदत हवी आहे: समांतर तारांमधलं बल, सप्लाय उलटा जोडला की आकडा बदलतो

रेवा_प्रयोगवही
उद्या मांडणी दाखवायची आहे, लवकर सांगा. दोन पितळी सळ्या समांतर ठेवल्यात. वरची घट्ट बसवलेली, खालची मिलीग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. दोन्हींतून ५ अँपिअर, विरुद्ध दिशांनी. सळ्या एकमेकींना ढकलतात, वजन वाढतं, इथवर ठीक. पण एकदा वाढ येते २१ मिलीग्रॅम, आणि सप्लायची टोकं अदलाबदल केली की ९. दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो, मग बल तेच हवं ना? काटा बिघडलाय का?

तारयंत्री
लांबी किती? अंतर किती, आणि ते पृष्ठभागापासून की मध्यापासून? काट्याचं ताट लोखंडी आहे का? सळ्या कोणत्या दिशेला आहेत?

रेवा_प्रयोगवही
३० सेंमी, अंतर १ सेंमी मध्यापासून मध्यापर्यंत. ताटावर थर्मोकोल, त्यावर सळी. दिशेचा काय संबंध? टेबल भिंतीला लावलंय.

शून्यप्रमाद
काटा नाही, ॲमीटर तपासा. १ मीटर अंतरावर १ अँपिअरला दर मीटर २×१०⁻⁷ न्यूटन हीच अँपिअरची व्याख्या. ती चुकणं शक्यच नाही, म्हणजे चूक मीटरची.

तारयंत्री
शून्यप्रमाद, ॲमीटर चुकत असता तर दोन्ही वेळा सारखाच चुकला असता. रेवा, तुमचा हिशोब असा:

`F = 2×10⁻⁷ × I² × L / d = 2×10⁻⁷ × 25 × 0.3 / 0.01 = 1.5×10⁻⁴ N`

म्हणजे सुमारे १५ मिलीग्रॅम. २१ आणि ९ ची सरासरीही १५. दोन्हीकडे सहा-सहाचा फरक आहे, म्हणजे प्रवाह उलटल्यावर उलटणारं दुसरं एक बल त्यात मिसळलंय. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं. अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८ मायक्रोटेस्ला असतो. ५ अँपिअर, ३० सेंमी, सळी पूर्व-पश्चिम असेल तर बल येतं ५.८ मिलीग्रॅम. पैज लावतो, तुमची भिंत पूर्व-पश्चिम आहे, आणि २१ येताना खालच्या सळीतला प्रवाह पश्चिमेकडे जातो.

भारनियमन
सबस्टेशनच्या बसबारला हेच बल ओळखून आधार द्यावे लागतात. शॉर्ट सर्किटला २० हजार अँपिअर, बार १० सेंमी अंतरावर, तर दर मीटर ८०० न्यूटन. इन्सुलेटर तुटतात ते यामुळे. घरच्या वायरिंगला मात्र काही होत नाही, घाबरू नका.

तारयंत्री
घरच्या वायरिंगचं कुणी विचारलं नव्हतं, पण आकडा बरोबर.

शून्यप्रमाद
पृथ्वीचं क्षेत्र इतकं क्षीण, ते कशाला मोजायचं?

चुंबकसुई
क्षीण कुठे? ५ अँपिअरच्या सळीचं १ सेंमीवरचं क्षेत्र १०० मायक्रोटेस्ला, त्यापुढे ३८ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. (अलिबागला वेधशाळा गेली ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून. मोजमापात तारांचा गोंधळ तेव्हापासून आहे.) आणि व्याख्येचं म्हणाल तर ती १९४८ ची. २० मे २०१९ पासून अँपिअर इलेक्ट्रॉनच्या प्रभारावर बेतलाय, `e = 1.602176634×10⁻¹⁹ C` हा आकडा पक्का. २×१०⁻⁷ आता मोजून काढायचा आकडा आहे.

शून्यप्रमाद
म्हणजे शाळेत शिकवतात ते खोटं?

चुंबकसुई
खोटं नाही, जुनं. फरक पडलाच तर दहाव्या दशांश स्थानाच्या आसपास, या काट्याला तो कधीच दिसणार नाही. आणि अनंत लांबीच्या तारा कुणी कधी ताणल्या नव्हत्या. प्रयोगशाळेत करंट बॅलन्सला वेटोळी असत, बल त्यांच्या मापांवरून काढत.

वेटोळे
सळ्या सोडा. दोन आयताकृती चौकटींवर दहा-दहा वेढे गुंडाळा. आपसातलं बल शंभरपट होतं, पृथ्वीचं मात्र चौकटीच्या समोरासमोरच्या बाजूंवर उलट दिशांनी येऊन फिटून जातं.

तारयंत्री
पण मग अंतर कुठून कुठे धरायचं? गुंडाळीची जाडीच चार-पाच मिलीमीटर होते. रेवा, उद्यासाठी सळ्याच ठेवा. टेबल फिरवून होकायंत्राच्या सुईच्या रेषेत आणा, म्हणजे आडव्या घटकाचं बल उरत नाही. सप्लायच्या दोन वायरी एकमेकींना पिळून दूर न्या. काट्यावरच्या सळीला जाणाऱ्या वायरी बारीक, लवचिक हव्यात. ताठ असतील तर त्याच वजन उचलून धरतात. प्रवाह बंद केल्यावर काटा शून्यावर येतो का, ते दर वेळी बघा.

रेवा_प्रयोगवही
भिंत पूर्व-पश्चिमच निघाली! उत्तर-दक्षिण केल्यावर १५ आणि १४. शून्यावर येतो, पण कधी एखादा मिलीग्रॅम शिल्लक राहतो.

तारयंत्री
सळी ३० सेंमीचीच, त्यामुळे सूत्रापेक्षा तीनेक टक्के कमीच यायला हवं, १५.३ ऐवजी १४.८. तुमचं जुळलं, पण अंतर पट्टीने मोजलं असेल तर १ मिलीमीटर चुकीला दहा टक्के जातात. व्हर्नियर आहे?

रेवा_प्रयोगवही
नाही. पट्टीच.

वेटोळे
तरी सांगत होतो.