निबंधाला १६ पैकी १०, मार्क नेमके कुठे गेले?

डिचोलीची आई
मुलगी आठवीत आहे, 'आमच्या घरची चवथ' या निबंधाला १६ पैकी १० मिळालेत. आशय २, मांडणी २, भाषा ३, शुद्धलेखन ३, प्रत्येकी ४ पैकी. अडीच पानं लिहिलीत तिने आणि अक्षर मोत्यासारखं. टीचरना विचारलं तर त्यांनी रुब्रिकचा कागद हातात दिला, म्हणाल्या यात बघा. निबंध आणि कागद दोन्हीचे फोटो टाकलेत. आशयाला फक्त २ कसे, कुणी सांगेल का? मला तर हा अन्याय वाटतो.

फोंड्याचा मास्तर
ताई, निबंध सावकाश वाचला. मुलीचा हात चांगला आहे, हे आधी सांगतो.

आशयाचं खालून वर बघत जाऊया. लेव्हल १ म्हणजे कागदावर 'विषय सोडून किंवा अगदी त्रोटक', तो प्रश्नच नाही, सगळा निबंध चवथीवरच आहे. लेव्हल २ ला लिहिलंय 'विषयाला धरून, पण माहिती सर्वसाधारण'. आता तिचा पहिला परिच्छेद बघा, 'चवथ हा गोव्याचा मोठा सण आहे. सगळीकडे आनंदाचे वातावरण असते. बाजार गर्दीने फुलून जातो.' हे पेडण्यातल्या मुलाने लिहिलं तरी चालेल आणि काणकोणातल्या मुलाने लिहिलं तरी, यात तुमचं घर कुठेच नाही. नेवऱ्यांचा परिच्छेद, विसर्जनाचा परिच्छेद, दोन्ही असेच.

लेव्हल ३ ची अट आहे 'स्वतःच्या अनुभवाचे तपशील, निदान दोन ठिकाणी, खुलवून'. एक जागा आहे आणि ती फार सुंदर आहे, 'आजोबा आदल्या दिवशी रानात जाऊन कांगलां आणि घागऱ्यो आणतात. माटोळी बांधताना मी खालून एकेक वस्तू वर देते. आजोबा सांगतात सगळे नारळ एका बाजूला नको, माटोळी कलेल.' इथे मला तुमचं घर दिसलं. दुसरी जागा शोधली तर 'आरतीला घुमट वाजवतात, मला खूप आवडते' एवढंच सापडलं. घुमट कोण वाजवतो, ती तेव्हा कुठे उभी असते, काहीच नाही. नाव घेतलं आणि पुढे गेली. म्हणून ३ ची अट पुरी होत नाही, आणि ४ ला तर असे तपशील निबंधभर लागतात. आशयाचे २ मला बरोबर वाटतात.

म्हापशेकर
सर, घर दिसलं म्हणता आणि तरी २? पोरीला लिहिता येतं हे त्या तीन वाक्यांत सिद्ध झालं ना. जे उत्तम लिहिलंय ते बघून मार्क द्यायला हवेत, नाहीतर मुलं पुढच्या वेळी तेही लिहिणार नाहीत.

फोंड्याचा मास्तर
मुलांचं मन मोडू नये हे तुमचं म्हणणं मान्य, म्हणून तर त्या तीन वाक्यांच्या बाजूला टीचरने चार शब्द लिहायला हवे होते, ते लिहिले नाहीत. पण लेव्हल ठरते ती बहुतेक निबंध कुठे बसतो त्यावरून. सगळ्यात चांगल्या ओळीवरून ठरवली तर एक झकास सुरुवात पाठ करून येणाऱ्या सगळ्यांना ४ द्यावे लागतील. निबंध दोन लेव्हलच्या अगदी मधे असेल तर काही ठिकाणी वरची देतात, पण इथे पाच परिच्छेदांपैकी एकच ३ चा आहे, याला मधे म्हणता येत नाही.

मडगावची मम्मी
आमच्या मुलाला दहावीत मॅथ्सला असेच कमी आले होते, स्टेप्स बरोबर होत्या तरी कापले. सरळ रिव्हॅल्युएशनला टाका, बोलत बसू नका.

डिचोलीची आई
अहो, हा बोर्डाचा पेपर नाही, शाळेतली टेस्ट आहे.

सत्तरीची टीचर
मी पण मराठीच शिकवते. आशयाबद्दल सरांशी सहमत, पण मांडणीला २ मला अजिबात पटत नाहीत. लेव्हल ३ ला आहे 'परिच्छेद क्रमाने, एकातून दुसरा'. मुलीने बाजारापासून विसर्जनापर्यंत नेलंय, हा क्रम नाही तर काय? दुसरं म्हणजे 'आजोबान माटोळी बांधली' याला लाल गोल मारलाय. घरी कोंकणी बोलणारी पोर आहे, आमच्याकडे अर्धा वर्ग असंच लिहितो. यासाठी मार्क कापणं मला दुष्टपणा वाटतो.

फोंड्याचा मास्तर
टीचर, क्रमाचं मी असं तपासतो, दोन परिच्छेद आपसात बदलून वाचायचे. काही बिघडलं नाही तर तिथे क्रम नव्हताच. इथे तिसऱ्यात माटोळी आणि आरती आहे, म्हणजे चवथीचा दिवस उजाडला, आणि चौथ्यात परत 'आई चवथीच्या आधी नेवऱ्या करते'. तिथे ती मागे गेली आणि 'त्याआधी' असा जोडणारा शब्दही नाही. चौथा उचलून दुसऱ्याच्या आधी ठेवला तरी निबंध तसाच चालतो. पण पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा नीट लागलेत हेही खरं, म्हणून इथे मी आशयाइतका ठाम नाही.

आता 'आजोबान'. कांगलां, घागऱ्यो या शब्दांना गोल नाही, ते बरोबरच केलंय, त्या वस्तूंची नावंच ती. 'आजोबान' मात्र प्रत्ययाचं आहे, मराठीत 'आजोबांनी', तर गोल मारून दाखवायला माझी हरकत नाही. माझी शंका वेगळी आहे, तो गोल भाषेत धरला की शुद्धलेखनात, हे पेपरावर कुठेच नाही. एकच चूक दोन रकान्यांत धरली तर ते चूक. पण इथे त्याने आकडा हलत नाही. शुद्धलेखनात 'आणी' पानभर आहे, 'पुजा' आहे, 'विसर्जण' आहे, लेव्हल ४ ला 'क्वचित चूक' चालते, म्हणजे गोल काढला तरी ३ च. आणि भाषेचा एक मार्क शब्दांच्या निवडीवर गेलाय, 'आनंदाचे वातावरण' परत परत येतं, वाक्यामागून वाक्य 'असते, असते' वर संपतं.

सत्तरीची टीचर
प्रत्ययाबद्दल मी नाही ऐकणार सर. आठवीपर्यंत दाखवावं, मोजू नये. आणि एक परिच्छेद मागे गेला म्हणून अख्ख्या मांडणीला २ हे बहुतेक निबंधाच्या तुमच्याच नियमात बसत नाही. चार जागेवर आहेत, एक नाही.

फोंड्याचा मास्तर
हे तुमचं बोलणं वजनदार आहे. ताई, मांडणीला ३ मागायला जागा आहे.

डिचोलीची आई
आशयाचं वाचून वाईट वाटलं पण कळलं, घुमट माझा भाऊ वाजवतो आणि तिने त्याचं नावच घेतलं नाही. तरी एक राग आहेच, हा कागद पेपर झाल्यावर दाखवला. 'निदान दोन ठिकाणी' हे आधी कळलं असतं तर तिने लिहिलं नसतं का? आणि तिच्या मैत्रिणीला दीड पानाला १३ मिळाले, त्याचं काय?

फोंड्याचा मास्तर
कागद आधी द्यायलाच हवा होता, तो तुमचा मुद्दा सगळ्यात पक्का आहे, शाळेत तोच आधी मांडा. पानं किती आणि अक्षर कसं, याला या रुब्रिकमध्ये रकानाच नाही, म्हणून अडीच पानं हे कारण चालणार नाही. मैत्रिणीचा पेपर मधे आणू नका, तो आपण वाचलेला नाही आणि त्यावरून टीचर उगाच अंगावर आल्यासारखं बोलतील. मार्क आणि लाल खुणा झाकून झेरॉक्स काढायची आणि दुसऱ्या मराठी टीचरनी फक्त मांडणी वाचायची, एवढंच मागा.

म्हापशेकर
आणि दुसरीने ३ दिले तर? अडीच करणार?

फोंड्याचा मास्तर
अडीच अशी लेव्हल कागदावर नाही. दोघींनी तो चौथा परिच्छेद समोर ठेवून बोलायचं आणि एक ठरवायचं.

डिचोलीची आई
उद्या डायरीत असं लिहून देते, बघा चालेल का. 'टीचर, आशय, भाषा आणि शुद्धलेखनाबद्दल शंका नाही. मांडणीत पाचपैकी चार परिच्छेद क्रमाने आहेत असं वाटतं, तेवढा भाग दुसऱ्या टीचरकडून मार्क झाकून वाचून घ्याल का? 'आजोबान' कुठल्या रकान्यात धरलं तेही कळवा. पुढच्या निबंधाआधी रुब्रिक मुलांना मिळावं ही विनंती.'

सत्तरीची टीचर
चालेल. फक्त 'शंका नाही' मधलं भाषा काढा, 'आजोबान'चं उत्तर येईपर्यंत.